मेमधला पेपर आणि फेब्रुवारीचे गुण



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी जमतो ते सर या गावात गणित शिकवत. जूनमध्ये दहावीचा निकाल लागला, की त्यांच्या पडवीत दुपारचा एक वेगळा वर्ग भरे. पागोळ्या गळत असत, सतरंजीची एक कड ओली झालेली असे, आणि दहा-बारा मुलं मान खाली घालून समीकरणं सोडवत असत. गावात त्या वर्गाला ‘ऑक्टोबरवाल्यांचा वर्ग’ म्हणत. माझा चुलतभाऊ त्यात होता. मार्चमध्ये त्याला गणितात ३१ गुण मिळाले होते. ऑक्टोबरला बसला आणि ५८ मिळवले. पण पुढे कितीतरी वर्षं आमच्या घरात त्याची ओळख ‘ऑक्टोबरला सुटला’ अशीच राहिली. गुणपत्रिकेवर महिना छापलेला असे, आणि ५८ या आकड्याआधी सगळ्यांची नजर त्या महिन्यावर जाई.

तेव्हा दुसरी परीक्षा म्हणजे राहिलेला विषय सोडवणं. ३१ मोठे की ५८, हा प्रश्न कुणाला पडायचं कारणच नव्हतं. आता मात्र पास झालेली मुलंही दुसऱ्यांदा बसणार आहेत. एकाच विषयात एकाच वर्षी दोन वेळा मिळालेले दोन आकडे त्यांच्यासमोर असतील. मग त्यातला कोणता खरा धरायचा? जास्तीचा, की नंतरचा? आजच्या व्याख्यानात मी एवढ्या एकाच प्रश्नाचा विचार मांडणार आहे, कारण दोनदा परीक्षा घेण्याच्या साऱ्या व्यवस्थेचा जीव या एका नियमात आहे.

आधी नियम काय आहे ते पाहू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलं आहे, की शालेय वर्षात विद्यार्थ्याला बोर्डाच्या परीक्षेला दोन वेळा बसता यावं, एक मुख्य परीक्षा आणि हवी असल्यास एक सुधारणेसाठी. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं त्याला जोड दिली, की दोन्हींपैकी चांगले गुण ठेवावेत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानं, म्हणजे सीबीएसईनं, जून २०२५ मध्ये दहावीपुरतं त्याचं प्रत्यक्ष धोरण जाहीर केलं, आणि २०२६ पासून ते लागू झालं. पहिली परीक्षा फेब्रुवारीच्या मध्यापासून, दुसरी मे महिन्यात. पहिलीचा निकाल एप्रिलमध्ये आणि दुसरीचा जूनमध्ये, अशी आखणी त्या धोरणात आहे.

यात सगळ्यात जास्त गैरसमज झालेली गोष्ट आधी सांगतो. ‘दोन परीक्षा आहेत, त्यातली सोयीची निवडा’ असा हा प्रकार नाही. पहिली परीक्षा सर्वांना सक्तीची आहे. पहिलीत तीन किंवा अधिक विषयांना जो बसलाच नाही, त्याला त्या वर्षी दुसरीलाही बसता येत नाही. त्याला पुढच्या फेब्रुवारीची वाट पाहावी लागते. ‘मी मेमध्येच देईन’ असं म्हणून फेब्रुवारीत घरी बसणाऱ्या मुलाचं वर्ष जाईल. आई-वडिलांनी हे वाक्य घरी जाऊन पुन्हा एकदा मुलांना सांगावं. बर्फाच्या प्रदेशातल्या शाळा आणि स्पर्धांमध्ये अडकलेले खेळाडू यांच्यासाठी वेगळी मुभा आहे, पण ती त्यांच्यापुरतीच.

पहिलीत पास झालेल्याला दुसरीत जास्तीत जास्त तीन विषय पुन्हा देता येतात, आणि तेही गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांतून. ज्याचा विषय राहिला, म्हणजे कंपार्टमेंट आली, तोही याच मेमध्ये बसतो. अभ्यासक्रम दोन्ही वेळा पूर्ण असतो, दुसऱ्या वेळी धडे कमी होत नाहीत. आणि शाळेतलं अंतर्गत मूल्यमापन वर्षातून एकदाच होतं. त्याचे गुण मे महिन्यात बदलत नाहीत.

आता एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिला आपण मुक्ता म्हणू. फेब्रुवारीत तिला गणितात ६१, विज्ञानात ६८, सामाजिक शास्त्रांत ७४, इंग्रजीत ८१ आणि मराठीत ८५ मिळाले. पाचशेपैकी ३६९, म्हणजे ७३.८ टक्के. तिनं मेमध्ये पहिले तीन विषय पुन्हा द्यायचं ठरवलं. गणितातले ६१ म्हणजे लेखीतले ८० पैकी ४३ आणि शाळेचे २० पैकी १८. हे १८ जागच्या जागी राहतात. तिनं कितीही मेहनत केली तरी ती ८० गुणांच्या लेखीवरच चालणार. मेमध्ये तिला लेखीत ५४ मिळाले, म्हणजे गणित झालं ७२. विज्ञानात फेब्रुवारीचे ४९ होते, मेमध्ये ४५ आले. शाळेचे १९ मिळवले की ६८ चे झाले ६४. सामाजिक शास्त्रांत ५५ चे ६० झाले, त्यात १९ मिळवून ७९.

आता नियमाकडे बघा. मंडळ विषयागणिक जास्तीचे गुण धरतं. म्हणून मुक्ताच्या अंतिम गुणपत्रिकेवर गणित मेमधलं ७२ येईल, विज्ञान फेब्रुवारीतलं ६८ राहील, सामाजिक शास्त्रं ७९, आणि दोन भाषा आहेत तशा. बेरीज ३८५, म्हणजे ७७ टक्के. ‘नंतरचे गुण अंतिम’ असा नियम असता, तर विज्ञानाचे ६४ धरले गेले असते आणि बेरीज ३८१ झाली असती. चारच गुणांचा फरक, म्हणाल तर लहान. पण दुसरा नियम असता तर मुक्तानं विज्ञान घेतलंच नसतं, आणि कदाचित गणितही घेतलं नसतं. नियमाचा खरा परिणाम इथे दिसतो. तो बेरजेत दिसण्याच्या कितीतरी आधी, फॉर्म भरायला बसलेल्या घरात दिसतो.

‘नंतरचे गुण अंतिम’ हा नियम आपल्या देशात प्रत्यक्ष लागू झाला होता, आणि त्याचं काय झालं हे सर्वांना ठाऊक असायला हवं. २०२१ साली करोनामुळे बारावीची परीक्षा रद्द झाली. सीबीएसईनं दहावी, अकरावी आणि बारावीतल्या कामगिरीला ३०, ३० आणि ४० टक्के वजन देऊन निकाल तयार केला. तो जुलैच्या अखेरीस लागला. ज्यांना तो मान्य नव्हता त्यांच्यासाठी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये प्रत्यक्ष परीक्षा ठेवली. पण त्या धोरणाच्या २८ व्या कलमात लिहिलं होतं, की नंतरच्या परीक्षेत मिळालेले गुणच अंतिम मानले जातील.

मुलं बसली. काहींचे गुण वाढण्याऐवजी घटले. काही मुलांना तर आधीच्या निकालावर पदवीला प्रवेशही मिळून गेला होता. आता हाती आलेली नवी गुणपत्रिका त्या प्रवेशाच्याच मुळावर आली. काही विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेले. ७ जानेवारी २०२२ रोजी न्यायमूर्ती अजय खानविलकर आणि न्यायमूर्ती सी. टी. रविकुमार यांच्या खंडपीठानं ते कलम रद्द केलं, आणि दोन निकालांपैकी चांगला निवडण्याची मुभा विद्यार्थ्याला द्यावी असा आदेश दिला. त्याआधी मंडळानं स्वतःच सुधार परीक्षेत चांगले गुण धरण्याचं ठरवलं होतं. ते धोरण त्याच वर्षी, इतक्या कठीण काळात का बदललं, याचं समाधानकारक उत्तर न्यायालयासमोर आलं नाही.

मला तो निर्णय योग्य वाटतो, आणि केवळ दयाबुद्धीनं नाही. प्रमाणपत्र काय सांगतं याचा विचार करा. ते सांगतं, की या मुलीनं या अभ्यासक्रमावर, मंडळाच्या देखरेखीखाली, इतकं करून दाखवलं. फेब्रुवारीत मुक्तानं विज्ञानात ६८ मिळवले, ही घडलेली गोष्ट आहे. मेमध्ये ६४ आले म्हणून फेब्रुवारी घडलाच नाही असं कसं म्हणता येईल? लांब उडीच्या मैदानावर प्रत्येकाला अनेक उड्या मिळतात, आणि नोंद सर्वांत लांब उडीची होते. शेवटच्या उडीची नाही.

इथवर माझं म्हणणं बहुतेकांना पटेल. पण गणिताचा शिक्षक म्हणून या नियमाची दुसरी बाजू मांडणंही माझं काम आहे.

मी बरीच वर्षं बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासल्या. एकदा मॉडरेशनच्या वेळी भूमितीच्या एका प्रमेयावर आम्ही दोघं अडलो. मुलानं आकृती नीट काढली होती, पक्ष-साध्य लिहिलं होतं, सिद्धतेची एक पायरी गाळली होती आणि पुढच्या पायऱ्या बरोबर होत्या. माझ्या सहकाऱ्यानं चारपैकी दोन दिले होते, मी तीन दिले असते. उत्तरसूची समोर होती, आणि दोघांनीही ती प्रामाणिकपणे वाचली होती. शेवटी तीन ठरले. पण ज्या गठ्ठ्यातलं असं पान माझ्यापुढे आलंच नाही, तिथे दोनच राहिले असतील. त्याच्या जोडीला मुलाची तब्येत, केंद्रावरचा उकाडा आणि पेपरात आवडत्या प्रकरणावर आलेला किंवा न आलेला प्रश्न ही सगळी भर घाला. म्हणजे मुलाची तयारी तीच असूनही गुण चार-पाच इकडे-तिकडे होतात. प्रत्येक परीक्षेत होतात.

आता हिशेब सोपा करून मांडतो. समजा, एका मुलाची खरी तयारी ७० गुणांची आहे. दिवस चांगला गेला तर त्याला ७५ मिळतात, वाईट गेला तर ६५, आणि दोन्हींची शक्यता सारखी. तो दोनदा बसला तर चार प्रकार संभवतात: दोन्ही दिवस चांगले, पहिला चांगला दुसरा वाईट, पहिला वाईट दुसरा चांगला, दोन्ही वाईट. चांगले गुण धरायचे म्हटलं, की पहिल्या तीन प्रकारांत ७५ आणि फक्त शेवटच्यात ६५. सरासरी काढा, ७२.५ येते. नंतरचेच गुण धरले असते, तर सरासरी ७० वरच राहिली असती. या मुलानं फेब्रुवारी ते मेमध्ये एक ओळही जास्त वाचलेली नाही. अडीच गुण त्याला केवळ दुसऱ्यांदा बसल्यामुळे मिळाले.

हा अडीच गुणांचा वाढावा म्हणजे लबाडी नाही. वाईट गेलेल्या दिवसाची ती भरपाई आहे, आणि ज्याचा फेब्रुवारी खरोखर वाईट गेला त्याला ती मिळायलाच हवी. पण ती ज्याला मिळते आणि ज्याला मिळत नाही, असे दोघं एकाच प्रवेशयादीत आले की अडचण सुरू होते. दुसऱ्यांदा बसायला परीक्षा शुल्क लागतं आणि एप्रिल-मेचे दिवस मोकळे लागतात. ज्याला त्या दिवसांत शेतावर किंवा वडिलांच्या दुकानात जावं लागतं, तो बसणार नाही. म्हणून चांगले गुण धरण्याच्या नियमासोबत दुसऱ्या परीक्षेचं शुल्क गरजू मुलांना माफ असणं, हे मी त्या नियमाचंच अर्धं अंग मानतो.

काही जण सुचवतात, की जेईई मेनसारखं करा. तीही जानेवारी आणि एप्रिलमध्ये होते आणि चांगला स्कोअर धरला जातो. पण तिथे गुण थेट धरत नाहीत, प्रत्येक सत्रात बसलेल्यांमध्ये तुमचं स्थान कितवं, यावरून पर्सेंटाइल काढतात. त्यामुळे एका सत्राचा पेपर अवघड निघाला तरी तो सर्वांनाच अवघड असतो. बोर्डात हे जमणार नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. फेब्रुवारीत दहावीची झाडून सगळी मुलं बसतात. मेमध्ये बसतात ती निवडून आलेली: काही विषय राहिलेली, काही ८८ चे ९५ करायला आलेली. या गर्दीतलं पन्नासावं स्थान आणि फेब्रुवारीच्या गर्दीतलं पन्नासावं स्थान यांची तुलनाच होत नाही. म्हणून बोर्डाला पेपर काढतानाच दोन्हींची काठिण्यपातळी सारखी राखावी लागते. मेचा पेपर थोडा सोपा निघाला, तर चांगल्या गुणांचा नियम तो सोपेपणा थेट गुणपत्रिकेवर चढवतो. तो अवघड निघाला, तर आधी पास झालेल्या कुणाचंच नुकसान होत नाही, फक्त बसणाऱ्यांचे श्रम वाया जातात. चूक एकाच बाजूला साठत जाते, आणि मंडळानं स्वतःवर सर्वाधिक पहारा ठेवायचा तो इथे. हा पहारा बाहेरूनही ठेवता येईल. दोन्ही वेळा बसलेल्या मुलांचे त्या त्या विषयातले लेखी गुण मंडळानं दरवर्षी शेजारी शेजारी प्रसिद्ध करावेत. एखाद्या विषयात जवळजवळ सर्वांचे गुण सारख्याच मापानं चढलेले दिसले, तर पेपर सोपा निघाला होता का, ते तपासलं पाहिजे.

आणखी एका गोष्टीबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. जून २०२५ च्या धोरणात उत्तरपत्रिकेची छायाप्रत, गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन या सोयी दुसऱ्या परीक्षेनंतर ठेवल्या आहेत. वेळापत्रकाची ओढाताण मला समजते. लाखो उत्तरपत्रिका, आणि दोन निकालांमध्ये जेमतेम दोन महिने. पण याचा अर्थ असा, की मुक्ताला गणितात ६१ का मिळाले हे न पाहताच तिला दुसऱ्यांदा बसायचा निर्णय घ्यावा लागतो. तिचं एखादं प्रमेय कुणाच्या तरी गठ्ठ्यात दोन गुणांवर राहिलं असेल, तर तिला अभ्यासाची गरज नव्हती, फेरतपासणीची होती. उलट तिच्या चुका खरंच बीजगणिताच्या असतील, तर उत्तरपत्रिका पाहून तिला महिनाभरात नेमकं तेवढंच दुरुस्त करता आलं असतं. पडवीतल्या वर्गात सर हेच करत. मुलगा आला की पहिले दोन दिवस ते त्याला मार्चचा पेपर पुन्हा सोडवायला लावत आणि तो कुठे अडतो ते बघत. माझ्या चुलतभावाचं गणित कच्चं नव्हतं. तो चिन्हं बदलायला विसरत होता, अधिकचं उणे करताना. सरांना हे दुसऱ्या दिवशी कळलं, आणि पुढचे दोन महिने त्यांनी त्याच्याकडून तेवढंच घोटून घेतलं. दुसरी संधी कामाची ठरते ती अशा निदानानंतर. किमान ज्यांनी दुसऱ्या परीक्षेसाठी नाव दिलं आहे, त्यांना तरी त्या विषयाची छायाप्रत एप्रिलमध्येच मिळाली पाहिजे.

अकरावीच्या प्रवेशाबद्दल पालक सर्वांत जास्त विचारतात. पहिल्या निकालावर मुलाला अकरावीत तात्पुरता प्रवेश घेता येतो. विषय राहिला असेल, तरीही तात्पुरतं बसता येतं आणि दुसऱ्या निकालानंतर तो प्रवेश पक्का होतो. पहिल्या निकालाचे गुण डिजिलॉकरवर दिसतात, पण मंडळाचं अंतिम प्रमाणपत्र दुसऱ्या परीक्षेनंतरच मिळतं. ज्याला पहिल्या निकालावर समाधान आहे, त्यानं प्रमाणपत्रासाठी घाई करण्याचं काही कारण नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येतो. आपल्या राज्य मंडळाची ऑक्टोबरची परीक्षा मागे पडली. पुरवणी परीक्षा आता जून-जुलैमध्ये होते, आणि एक-दोन विषय राहिलेल्याला एटीकेटीवर अकरावीत जाता येतं. माझ्या चुलतभावाचं वर्ष आज वाया गेलं नसतं. हे मोठं काम झालं आहे, आणि त्याचं श्रेय मंडळाला दिलंच पाहिजे. पास झालेल्यांसाठीही श्रेणीसुधार योजना आहे, आणि तिच्यात लगतच्या तीन संधी मिळतात. पण अट अशी, की सर्व विषय घेऊन पुन्हा बसायचं. म्हणजे आपल्याच गावातली राज्य मंडळाची मुलगी, जिला फक्त गणित सुधारायचं आहे, तिनं मराठी, हिंदी, इंग्रजी, विज्ञान, इतिहास-भूगोल सगळं पुन्हा द्यायचं. शेजारच्या घरातली सीबीएसईची मुलगी मात्र एकटं गणित देऊ शकते, आणि गुण घटले तरी तिचे आधीचे गुण शाबूत राहतात. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया २०२५ पासून साऱ्या राज्यात एकच आहे. या दोघी एकाच यादीत, एकाच कटऑफखाली उभ्या असतात. मघाशी आपण अडीच गुणांचा हिशेब केला, तो इथे आठवावा.

सीबीएसईचा नियम बदलावा असं मी म्हणत नाही. तो नियम बरोबर आहे, त्यामागे न्यायालयाचा विचार आहे आणि तो टिकला पाहिजे. माझी विनंती आपल्या राज्य मंडळाला आहे. दहावीच्या श्रेणीसुधार योजनेतली सर्व विषयांची अट काढावी, मुलीला हवे तेवढे दोन-तीन विषय जून-जुलैमध्ये पुन्हा देऊ द्यावेत, आणि विषयागणिक जास्तीचे गुण तिच्या गुणपत्रिकेवर लिहावेत, महिना न छापता.